मेघनाला लिहिलेलं पत्र : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन मैत्रिणींचं आहे. दोघींच्या परवानगीने लिहिते आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशीलही.

मेघना ३१ वर्षांची. कोपरखैरण्याला सासू-सासरे आणि नवरा नीलेश यांच्याबरोबर राहते, ऐरोलीच्या एका ऑफिसात नोकरी करते. स्वाती तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, राहायला नौपाड्यात, तिला तीन वर्षांची मुलगी आहे. लग्नाला चार वर्षं झाल्यावर मेघनाला दिवस राहिले. घरचा दंडक असा की तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही. त्यामुळे ऑफिसात माहीत नव्हतं, माहेरी फक्त आईला माहीत होतं, आणि मैत्रिणींपैकी एकट्या स्वातीला.

सातव्या आठवड्याच्या सुमारास पहिली सोनोग्राफी झाली. पिशवी दिसली, आत इवलासा गर्भ दिसला, पण ठोके दिसले नाहीत. एवढ्या लहान गर्भाबाबत एका तपासणीवर निर्णय देत नाहीत, कारण तारखांचा हिशेब आठवडाभराने चुकलेला असू शकतो. डॉक्टरांनी दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या तपासणीत गर्भाची लांबी ८ मिलीमीटर भरली आणि ठोके नव्हतेच. आतून केलेल्या सोनोग्राफीत ७ मिलीमीटर किंवा जास्त लांबी असूनही ठोके नसतील, तर गर्भ वाढायचा थांबला आहे असं निदान करतात. मेघनाला तोवर पोटात दुखलंही नव्हतं आणि अंगावरून काही गेलंही नव्हतं. शरीराला जे अजून कळलं नव्हतं ते तिला पडद्यावर बघून मान्य करायचं होतं.

डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. आपोआप पडायची वाट पाहायची, गोळ्या घ्यायच्या, किंवा दवाखान्यात पिशवी साफ करून घ्यायची. मेघनाने गोळ्या निवडल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी घरीच त्या घेतल्या.

रविवारी तिने स्वातीला फोन केला. जेमतेम चार मिनिटांचा. त्यातली दोन वाक्यं स्वातीने मला जशीच्या तशी सांगितली. ‘बाथरूममध्येच झालं सगळं, बाहेर सगळे टीव्ही बघत होते.’ आणि ‘आई म्हणाल्या, तरी सांगत होते उभ्याने लोकलने जाऊ नकोस.’ त्यानंतर मेघनाने फोन उचलणं बंद केलं.

अडचण

मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते. स्वाती माझ्याकडे आली ती लिहिलेला कागद घेऊन. पाठवू का, एवढंच तिला विचारायचं होतं.

तिच्या कोड्यात दोन गाठी होत्या. पहिली अशी की ज्या गोष्टीची कुणाला वर्दीच नव्हती, तिचं सांत्वन करायलाही कुणी येणार नव्हतं. एरवी घरात काही झालं तर नातेवाईक येतात, जेवणं येतात, आलेल्यांना काय बोलायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. इथे सोमवारी मेघनाने ‘पोट बिघडलंय’ म्हणून पाच दिवसांची रजा टाकली आणि घरातला दिनक्रम चालू राहिला. म्हणजे स्वातीचं पत्र हेच बाहेरून येणारं पहिलं आणि बहुधा एकमेव सांत्वन ठरणार होतं. त्यामुळे तिला वाटत होतं की सगळं त्यातच मावलं पाहिजे.

दुसरी गाठ सासूबाईंच्या वाक्याची. त्या दुष्ट नाहीत. त्यांना कारण हवं होतं आणि रोज डोळ्यांसमोर दिसणारं कारण लोकलची गर्दी हेच होतं. पण ते वाक्य मेघनाच्या मनात रुतलं होतं, आणि त्यात तिने स्वतःची भर घातली होती : पाणीकपातीच्या दिवशी उचललेली भरलेली बादली.

कोणकोणते मार्ग होते

भेटायला जाणं स्वातीला सगळ्यात सरळ वाटत होतं. पण दोन खोल्यांच्या घरात सासूबाई समोर बसणार, चहा होणार आणि मेघनाला ‘बरी आहे’ म्हणावं लागणार. शिवाय मुलीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, आणि त्या आठवड्यात तीन वर्षांचं मूल कडेवर घेऊन त्या दारात उभं राहणं स्वातीलाच नको होतं. तिचं हे ओळखणं बरोबर होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं, पण तिथे वाचल्याची खूण दिसते. वाचून उत्तर दिलं नाही हे समोरच्याला कळतं आणि वाचणाऱ्यालाही ते टोचत राहतं. कागदाला ही कटकट नाही. तो दोन ओळी वाचून ठेवून देता येतो, रात्री पुन्हा काढता येतो, आणि त्याला उत्तर द्यायला कुणी बांधलेलं नसतं. आम्ही पत्रच ठरवलं.

पोचवायचं कसं, हाही निर्णयच होता. टपालाने पाठवलेला लिफाफा घरात कुणीही उघडला असता. नीलेश वागळे इस्टेटला कामाला आहे आणि घरी जाताना ठाणे स्टेशनवरून गाडी पकडतो. स्वातीने त्याला नौपाड्यात बोलावून जेवणाच्या डब्याबरोबर बंद लिफाफा द्यायचा, असं ठरलं.

वेळेचंही पाहिलं. गोळ्यांनंतरचे पहिले काही तास कळा आणि रक्तस्राव जोराचा असतो, पुढे तो कमी होत दोनेक आठवडे थोडाथोडा चालू राहतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाईचं सगळं लक्ष शरीराकडे असतं. पत्र गुरुवारी पोचावं असं आम्ही ठरवलं, म्हणजे कळा थांबलेल्या, रजा संपत आलेली, आणि घरच्यांच्या लेखी विषय मिटलेला.

पहिला मसुदा

स्वातीचा पहिला मसुदा तीन पानांचा होता. मनापासून लिहिलेला होता आणि त्यातली निम्मी वाक्यं काढावी लागली.

‘अजून तुझं वय आहे, पुढच्या वर्षी बघ याच दिवसांत आपण डोहाळजेवणाची तयारी करत असू.’ हे वाक्य मेघनाला या मुलाकडून उचलून पुढच्या मुलापाशी नेऊन ठेवतं. तिला त्या क्षणी पुढचं मूल नको होतं, हेच हवं होतं. शिवाय पुढच्या वर्षीचं वचन देणं कुणाच्याच हातात नाही. ‘निदान दिवस राहतात हे तरी कळलं’ हे त्याचंच दुसरं रूप. ‘निदान’ने सुरू होणारी सगळी वाक्यं मी खोडायला सांगितली आणि अशी तीन निघाली.

‘मी दोन रात्री झोपले नाही, सारखी रडतेय’ हे खरंच होतं. पण ते वाचून मेघनाने काय करावं? तिने स्वातीची समजूत घालायची? मैत्रिणीने आपलं दुःख सांगायला हरकत नाही, पण एका वाक्यात, आणि ते वाचणारीच्या डोक्यावर ओझं होणार नाही अशा बेताने.

मग आकड्याचा प्रश्न आला. स्वातीने कुठेतरी वाचून ‘हे दर पाच जणींत एकीला होतं’ असं लिहिलं होतं. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के अशा संपतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे आकडा फारसा चुकीचा नव्हता. तरी मी तो काढायला सांगितला. डॉक्टरांच्या तोंडी हा आकडा धीर देतो, कारण तिथे बाई ‘माझ्यातच काही खोट आहे का’ हे विचारायला गेलेली असते. मैत्रिणीच्या पत्रात तोच आकडा ‘एवढं काय त्यात, सगळ्यांनाच होतं’ असा ऐकू येऊ शकतो. स्वातीला हे पटायला वेळ लागला. आकडा दिला की आपण अभ्यास करून आलो आहोत असं दिसेल, असं तिचं म्हणणं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लोकल आणि बादलीवर. मसुद्यात होतं : ‘सासूच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, त्यांना काय कळतं!’ हे दोन कारणांनी चाललं नसतं. लिफाफा सासूबाईंच्या हाती लागला असता तर भोगायचं मेघनालाच होतं. आणि सासूबाईंना खोडून काढल्याने मेघनाची शंका खोडली जात नव्हती. तिला हवी होती ती सरळ माहिती, तीही जेवढी खरी आहे तेवढीच.

खरं काय ते असं. सुरुवातीच्या आठवड्यांत थांबणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा थोड्या जास्तच गर्भांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ही चूक बहुतेकदा बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना, नाहीतर गर्भधारणेच्या अगदी पहिल्या दिवसांत होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्याही आधी. ती निव्वळ योगायोगाने होते. मेघनाच्या बाबतीत तपासणी झालेली नव्हती, तेव्हा ‘तुझ्या बाळात हाच दोष होता’ असं लिहिणं खोटं झालं असतं. पण रोजचा लोकलचा प्रवास किंवा उचललेली एक बादली यांनी नीट वाढणारा गर्भ थांबत नाही, हे निःशंक लिहिता येत होतं. आणि जे निःशंक लिहिता येत नाही ते डॉक्टरांना विचारायला सांगता येत होतं.

पत्र

शेवटी जे पत्र गेलं ते हे. स्वातीने हातानेच लिहिलं, जेमतेम दीड पान.

‘मेघू,

हे वाचून मला उत्तर द्यायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही, अंगठासुद्धा नाही. तुला वाटेल तेव्हा, नाहीतर कधीच नाही.

तुझं बाळ गेलं याचं मला फार वाईट वाटतंय. टेस्टवर दोन रेघा दिसल्या त्या दिवशी तू ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मला फोन केला होतास, आणि हळू बोलायचं म्हणून तोंडावर ओढणी धरली होतीस. मला तो फोन आठवतो. त्या बाळाबद्दल फारसं कुणाला माहीत नाही, पण मला माहीत आहे. ते होतं.

शुक्रवारी रात्री तू बाथरूममध्ये एकटी होतीस. तिथे काय काय झालं ते तुला कधी सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन. सगळं ऐकेन, मला किळस येणार नाही आणि मी मध्ये बोलणार नाही. सांगावंसं वाटलं नाही तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी मध्ये बोलणार आहे. लोकलने उभं राहून गेल्यामुळे हे झालेलं नाही. त्या बादलीमुळेही नाही. तू तसलं काहीही केलेलं नाहीस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी काही डॉक्टर नाही. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरांना याच शब्दांत विचार, “मी लोकलने जात होते, बादली उचलली होती, त्याने झालं का?” मोठ्याने विचार आणि उत्तर तुझ्या कानांनी ऐक.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी नीलेशकडे डबा देईन, घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढा. “स्वयंपाकाला बाई मिळाली म्हणून जास्त झालं” असं सांग, नाहीतर काहीच सांगू नकोस. नको असेल तेव्हा “नको” एवढंच लिही.

चिऊला मी आणणार नाही. तिचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात, तुला आमंत्रण पाठवेन, कारण न पाठवलेलंही तुला कळेल. पण तू यायचं नाहीस, असं मी धरून चालले आहे.

वेगळ्या चिठ्ठीवर दोन-तीन कामाच्या गोष्टी लिहिल्यात. आज वाचल्या नाहीस तरी चालेल, पण सोमवारी ऑफिसला जायच्या आधी वाच.

तुझी,
स्वाती’

वाढदिवसाच्या आमंत्रणाचा परिच्छेद मला सुरुवातीला खटकला होता. सांत्वनाच्या पत्रात वाढदिवस कशाला? स्वाती अडून बसली. तिचं म्हणणं, महिन्याभराने हा प्रसंग येणारच आहे आणि तेव्हा बोलवावं की नाही याचा घोळ घालून मी तिला टाळत बसेन, त्यापेक्षा आत्ताच सांगून टाकते. तिच्या मैत्रीची जाण माझ्यापेक्षा तिला जास्त, म्हणून परिच्छेद राहिला.

चिठ्ठी वेगळी ठेवली कारण कायद्याची भाषा आणि ‘ते होतं’ हे वाक्य एका पानावर नांदत नाही. चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या. पहिली रजेची : तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गर्भपातानंतर लगेचचे सहा आठवडे पगारी रजा मिळायची, डॉक्टरांचा दाखला द्यावा लागायचा. आपोआप झालेला गर्भपातही त्यात यायचा, आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ऑफिसांना हा कायदा लागू होता. दुसरी तब्येतीची : सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप आला, किंवा स्रावाला घाण वास आला तर रात्र असली तरी डॉक्टरकडे जायचं. तिसरी फोनमधल्या गरोदरपणाच्या अ‍ॅपची. ‘तुमचं बाळ आता द्राक्षाएवढं झालं’ असे संदेश दर आठवड्याला येत राहतात. नुसतं अ‍ॅप काढून ते थांबतातच असं नाही, आधी आत जाऊन नोंदवलेली गर्भधारणा बंद करावी लागते. हे काम नीलेशला सांग, असं स्वातीने लिहिलं होतं.

पुढे काय झालं

दोन आठवडे काहीच नाही. हेच ठरलं होतं, तरी स्वाती हवालदिल झाली. पत्र मिळालं का, आवडलं नाही का, काही जास्त लिहिलं गेलं का. ‘वाचलंस ना?’ असा एक मेसेज करू का, असं तिने मला दोनदा विचारलं. तो मेसेज गेला असता तर पत्राच्या पहिल्या ओळीला अर्थ उरला नसता. तिने नीलेशला फक्त पोचल्याची खात्री विचारली आणि डबे चालू ठेवले. तिसऱ्या आठवड्यात मेघनाचा मेसेज आला : ‘मसूर पाठव, आणि पोळ्या कमी.’

रजेची चिठ्ठी तिने सोमवारी सकाळी वाचली. कायदा बाजूने असला तरी रजा घ्यायची तर ऑफिसात सांगावं लागणार होतं, आणि इतके दिवस लपवलेली गोष्ट संपल्यावर सांगायची हे तिला जड गेलं. तिने वरिष्ठांऐवजी थेट मनुष्यबळ विभागातल्या बाईंना दाखला दिला आणि सहापैकी तीन आठवडे रजा घेतली. सगळी का घेतली नाहीस असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली घरी बसून सासूबाईंच्या नजरेसमोर राहण्यापेक्षा ऑफिस बरं वाटलं.

लोकल-बादलीच्या परिच्छेदावर तिचा लगेच विश्वास बसला नाही. मैत्रीण असंच म्हणणार, असं तिला वाटलं. पण दोन आठवड्यांनी तपासणीला जाताना तिने ते पान पर्समध्ये नेलं आणि पत्रातला प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. डॉक्टरांनी नाही म्हटलं, आणि गुणसूत्रांचं थोडक्यात समजावलं. त्या वेळी सासूबाईही बरोबर होत्या. त्यांनी पुढे लोकलचा विषय काढला नाही. कबूलही काही केलं नाही.

गणपतीत दोघी भेटल्या. पत्रातलं काय लक्षात राहिलं असं स्वातीने विचारलं नाही, मेघनानेच सांगितलं : बाथरूमचं. त्या रात्रीबद्दल तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. वाढदिवसाला ती गेली नव्हती, भेटवस्तू मात्र नीलेशबरोबर पाठवली होती. बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली होती. ती पत्रात लिहावी का, यावर आम्ही बोललो होतो आणि टाळलं होतं, कारण जुलैत ती तारीख वाचणं म्हणजे सात महिन्यांची वाट आखून देणं. स्वातीने ती आपल्याकडे नोंदवून ठेवली आणि त्या आठवड्यात नेहमीसारखा डबा घेऊन स्वतः गेली. तारखेचा उल्लेख मेघनाने केला, तिने नाही.

काय वेगळं करता आलं असतं

एक बाब आमच्या दोघींच्या नजरेतून सुटली आणि ती चिठ्ठीवर असायला हवी होती. गर्भ गेल्यानंतरही गरोदरपणाचं हार्मोन रक्तातून पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात, आणि तोवर घरची टेस्ट दोन रेघा दाखवू शकते. दहाव्या-अकराव्या दिवशी मेघनाने कपाटात उरलेली टेस्ट करून पाहिली. दोन रेघा आल्या. काहीतरी चुकलं असेल, सोनोग्राफीच चुकली असेल, अशा आशेत तिने एक रात्र काढली आणि सकाळी दवाखान्यात फोन करून खुलासा घेतला. ‘उरलेली टेस्ट असली तर फेकून दे, महिनाभर ती खोटं सांगेल’ एवढी ओळ पुरली असती.

दुसरं नीलेशचं. संपूर्ण पत्रात तो डबा नेणारा आणि अ‍ॅप बंद करणारा माणूस आहे. लिफाफा त्यानेच घरी नेला, आणि मेघनाने त्याला पत्र वाचायला दिलं तेव्हा तो म्हणाला, ‘मला कुणी काही विचारलंच नाही.’ मेघनाने हे स्वातीला भांडणाच्या सुरात नाही, पण सांगितलं. पत्र मेघनाला होतं, त्यात नवऱ्याचं सांत्वन कोंबायची गरज नव्हती, हे मला अजूनही वाटतं. पण तो नौपाड्यात स्वातीच्या दारात दर मंगळवारी आणि शुक्रवारी उभा होता. डबा हातात देताना ‘तू कसा आहेस?’ असं विचारून त्याला दोन मिनिटं आत बसवता आलं असतं. स्वाती आता तसं करते, पण ते सुरू झालं गणपतीनंतर.

तिसऱ्या बाबीवर आमचं अजून एकमत नाही. सासूबाईंसाठी वेगळी दोन ओळींची चिठ्ठी डब्यात घालावी का, असं स्वातीने तेव्हा विचारलं होतं, ‘काकू, मेघनाला बरं नाही असं कळलं, काही लागलं तर सांगा’ एवढीच. मी नको म्हटलं, कारण त्यावरून स्वातीला सगळं माहीत असल्याचं उघड झालं असतं आणि तीन महिन्यांचा दंडक मोडल्याचा ठपका मेघनावर आला असता. स्वातीचं म्हणणं असं की डबे सुरू झाल्यावर सासूबाईंनी ते ओळखलंच होतं, आणि त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं होतं.